नाव आवास, बोली घरकुल

‘घरकुल मंजूर झालं’ असं गावात म्हणतात; ‘आवास मंजूर झाला’ असं सहसा कुणी म्हणत नाही. कागदावर मात्र योजनेचं नाव आहे प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण.

1985 साली सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेची ‘आयएवाय’ ही तीन अक्षरं फायलींत रुळली होती. 2016 मध्ये तिची पुनर्रचना झाली, तेव्हा वर्षभर आधीच आलेल्या शहरी योजनेनं PMAY हे लघुरूप घेतलेलं होतं. म्हणून ग्रामीण योजनेला G जोडावा लागला: PMAY-G. तिच्या संकेतस्थळाच्या पत्त्यातही pmayg. हे एक अक्षर निसटलं, की शहरी योजनेशी गल्लत होऊ शकते. तिथले निकष वेगळे, अनुदानाचं गणितही वेगळं. ग्रामीण योजनेत सपाट भागातल्या घराला 1 लाख 20 हजार रुपये ठरलेले होते. तालुक्याचा बाबू ‘पीएमएवाय’ एवढंच म्हणाला, तर ऐकणाऱ्यानं काय समजावं?

महाराष्ट्राच्या योजनांनी दुसरी वाट धरली. ‘रमाई’ अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी, ‘शबरी’ आदिवासींसाठी. इथं अक्षरांची जुळवाजुळव नाहीच. नावातला पहिला शब्दच लघुरूपाचं काम करतो, अन् योजना कुणाची तेही सुचवतो. ग्रामसेवकाच्या तोंडीही तेच: ‘तुमचं रमाईत बसतंय.’