पाच फेब्रुवारी की दोन मे?

नोव्हेंबर 2022 मध्ये मुंबई, मालेगाव आणि भिवंडीत गोवराची साथ पसरली, तेव्हा कोणत्या बाळाला कोणता डोस द्यायचा हे त्याच्या वयावरून ठरत होतं, आणि ते वय वर्षांत नव्हे तर महिन्यांत मोजायचं होतं. गोवर-रुबेला लशीचा नेहमीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. नऊ महिन्यांखालच्या मुलांमध्ये रुग्ण जास्त आढळतील अशा भागांत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना एक जादा डोस द्यावा, असं केंद्राने त्या वेळी सांगितलं होतं. हा डोस नेहमीच्या वेळापत्रकात धरायचा नाही. म्हणजे सगळा हिशेब जन्मतारखेवर येऊन थांबतो. कागदावर 05/02/2022 असं लिहिलेलं असेल तर आपल्याकडे कोणीही ती 5 फेब्रुवारीच वाचेल. पण अमेरिकन पद्धतीवर चालणाऱ्या संगणकाला तीच तारीख 2 मे दिसते. मुलाचं वय चुकवायला एवढं पुरेसं आहे.

समजा, भिवंडीतल्या एका मुलीचा जन्म खरोखरच 5 फेब्रुवारीचा आहे. 28 नोव्हेंबरला ती नऊ महिने तेवीस दिवसांची होते, म्हणजे नेहमीच्या पहिल्या डोसला पात्र. यादीत मात्र तिचा जन्म 2 मेचा पडला, तर ती सहा महिने सव्वीस दिवसांची ठरते आणि तिच्या नावापुढे 'नऊ महिने पूर्ण' ही तारीख 2 फेब्रुवारी 2023 लागते. गोवराची साथ चालू असताना पहिला डोस जवळजवळ तीन महिने लांबतो. तिचं वजन 6.2 किलो असेल तर आणखी एक गोष्ट निसटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात नऊ महिन्यांच्या मुलीसाठी कमी वजनाची रेषा 6.5 किलोवर आहे, सातव्या महिन्याला ती 6 किलोवर असते. खऱ्या वयानुसार ही मुलगी कमी वजनाची, चुकीच्या वयानुसार ठीकठाक. वजनकाटा बरोबर, तक्ता बरोबर, अंगणवाडी सेविकेची नोंदही बरोबर, तरी निष्कर्ष चूक. उलटा प्रकार जास्त काळजीचा आहे. 2 मेला जन्मलेलं बाळ यादीत 5 फेब्रुवारीचं झालं, तर पावणेसात महिन्यांच्या त्या बाळाला मिळालेला डोस 'पहिला डोस' म्हणून नोंदला जातो. या वयात आईकडून आलेली प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात अजून असू शकतात आणि ती लशीतल्या विषाणूलाच निष्प्रभ करतात. या वयातला डोस नेहमीच्या वेळापत्रकात धरायचा नसतो तो मुख्यतः याच कारणाने. यादीत मात्र बाळ सुरक्षित दिसतं आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर त्याला कोणी बोलावत नाही.

चूक नेमकी कुठे शिरते ते पाहू. एक्सेल तारीख ठेवते ती अक्षरांत नव्हे, एका क्रमांकात: 5 फेब्रुवारी 2022 म्हणजे 44597 आणि 2 मे म्हणजे 44683. संगणकाची प्रादेशिक सेटिंग `English (United States)` असेल आणि त्यावर 05/02/2022 असलेली सीएसव्ही यादी उघडली, तर त्याच क्षणी 44683 हा क्रमांक बसतो आणि मूळ लिखाण पुसलं जातं. पुढे ती फाईल भारतीय सेटिंगच्या संगणकावर गेली की पडद्यावर नीटनेटकं 02/05/2022 दिसतं, त्यात शंका घेण्यासारखं काहीच नसतं. वेबवरच्या अर्जांत हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने घडते. जावास्क्रिप्टला अशी तारीख जशीच्या तशी दिली, तर बहुतेक ब्राउझर ती महिना आधी धरूनच वाचतात:

```
new Date("05/02/2022")  // 2 मे 2022
new Date("25/02/2022")  // Invalid Date
```

पीएचपीमध्ये तर विलक्षण प्रकार आहे. तारखेत तिरप्या रेघा असतील तर ती अमेरिकन समजली जाते, आडव्या रेघा असतील तर आपल्यासारखी. म्हणजे 05/02/2022 हा मे आणि 05-02-2022 हा फेब्रुवारी. टायपिस्टने कोणती कळ दाबली यावर बाळाचं वय ठरावं, हे मला पटत नाही.

यावर लोक म्हणतात, चुकीची तारीख संगणक नाकारेलच. तो नाकारतो, पण सगळ्या नाही. दिवस 13 किंवा त्यापुढचा असेल तर महिना म्हणून तो बसत नाही, त्यामुळे वर्षातल्या 221 तारखा अडतात. उरलेल्या 144 पैकी 1/1, 2/2 अशा बारा तारखा उलटल्या तरी त्याच राहतात. राहिल्या 132, म्हणजे शंभरात 36 जन्मतारखा, ज्या कसलीही तक्रार न करता बदलतात. जी चूक अडते ती कोणीतरी हाताने दुरुस्त करतं आणि यादी तपासून झाली असं समजतं. 12 मार्चला जन्मलेलं बाळ 3 डिसेंबरचं झालं, तर नोव्हेंबरात त्याचं वय ऋण येतं. तेव्हाही कर्मचारी तेवढी एक ओळ सुधारतो, शेजारच्या ओळी तशाच राहतात. खरं तर ऋण वयाची एक ओळ दिसली की अख्खा रकाना संशयास्पद मानायला हवा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ही चूक एवढी सर्रास असती तर आजवर बोंब झाली असती. बोंब न होण्याचं कारण साधं गणित आहे. दिवस आणि महिना उलटले तरी वर्ष तेच राहतं, म्हणून जिथे वय 31 डिसेंबरला किंवा 1 जानेवारीला मोजलं जातं तिथे उत्तर बदलतच नाही. राज्यात पहिलीच्या प्रवेशाचं वय 31 डिसेंबरला धरतात. मतदारयादीसाठीही पूर्वी फक्त 1 जानेवारी ही अर्हता तारीख होती, त्यामुळे कितीही तारखा उलटल्या तरी अठरा पूर्ण झाल्याचा निकाल तोच यायचा. 2022 पासून 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर याही अर्हता तारखा झाल्या आणि हे कवच गेलं. 4 ऑक्टोबर 2007 चा जन्म 10 एप्रिल म्हणून नोंदला असेल, तर 1 जुलै 2025 ला सतरा वर्षांची व्यक्ती अठरा पूर्ण केलेली दिसेल. तरी मोठ्यांच्या बाबतीत पूर्ण वर्षांतला फरक एकाचाच असतो आणि तोही वर्षातला काही काळच. बाळाच्या बाबतीत मात्र 12 जानेवारीचा 1 डिसेंबर झाला की 323 दिवसांचा फरक पडतो, आणि त्याचं पहिल्या वर्षातलं लसीकरण जवळजवळ तेवढ्याच काळात उरकायचं असतं.

संगणकाची सेटिंग भारतीय करून घ्या, हा उपाय चांगला आहे, पण अपुरा. फाईल एका संगणकावर राहत नाही, ती वॉर्डातून पालिकेत आणि तिथून जिल्ह्याला जाते. त्यापेक्षा अर्जावरच दिवस, महिना आणि वर्ष यांच्या तीन वेगळ्या चौकटी ठेवाव्यात आणि महिन्याचं नाव अक्षरांत निवडायला लावावं. साठवताना आयएसओ 8601 प्रमाणे 2022-02-05 असं वर्षापासून लिहावं. जुनी यादी एक्सेलमध्ये घेताना नुसती दोनदा क्लिक करून उघडू नये, आयात करताना त्या रकान्याचा क्रम `DMY` निवडावा.

जी यादी आधीच बिघडली असावी असं वाटतं, तिच्यातली प्रत्येक नोंद तपासायची गरज नाही. दिवस आणि महिना दोन्ही बारापर्यंतचे आहेत, पण एकसारखे नाहीत, एवढ्याच ओळी वेगळ्या काढाव्यात. हजार बाळांच्या यादीत त्या साधारण साडेतीनशे निघतील. त्यांच्या तारखा जन्मदाखल्याशी किंवा माता-बाल संरक्षण कार्डाशी ताडून पाहाव्यात. कार्ड हाताशी नसेल तर जन्मानंतर दिलेल्या बीसीजीची तारीख पाहावी. ती जन्माच्या आधीची निघाली तर जन्मतारीख उलटलेली असण्याचीच शक्यता जास्त. ती जन्मानंतर कित्येक महिन्यांची दिसली तर डोस उशिरा मिळालेला असेल किंवा तारीख उलटलेली असेल, आणि ते मात्र बाळाच्या घरी जाऊन विचारावं लागेल.