चिठ्ठीने ठरलेली भरती

लष्करी सेवेमुळे पुढची कमाई घटते का, हे पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे माजी सैनिक आणि इतरांच्या पगाराची तुलना. पण सैन्यात कोण जातो, हे शिक्षण, प्रकृती आणि घरच्या परिस्थितीवर ठरते आणि पगारही त्यांवरच ठरतो. या न मोजलेल्या कारणांचा परिणाम सेवेच्या खाती जमा होतो. यालाच अंतर्जातता म्हणतात. अशा वेळी साधे समाश्रयण चुकीचे उत्तर देते आणि नमुना कितीही वाढवला तरी चूक जात नाही.

व्हिएतनाम युद्धकाळात अमेरिकेने 1 डिसेंबर 1969 रोजी जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढून भरतीचा क्रम ठरवला. जोशुआ अँग्रिस्ट यांनी 1990 मध्ये या सोडतीचाच साधनचल म्हणून वापर केला. 1950 साली जन्मलेल्या गोऱ्या पुरुषांत, भरतीस पात्र क्रमांक आलेल्यांत सैनिकांचे प्रमाण सुमारे 16 टक्के-बिंदूंनी जास्त होते. त्यांची 1981 ची सरासरी कमाई मात्र सुमारे 436 डॉलरने कमी होती. पात्र ठरलेले सगळेच सैन्यात गेले नव्हते, म्हणून 436 ला 0.159 ने भागायचे. सेवेची किंमत निघते वर्षाला सुमारे 2,740 डॉलर.

हे उत्तर फक्त सोडतीमुळेच भरती झालेल्यांना लागू पडते, स्वेच्छेने गेलेल्यांना नाही. शिवाय क्रमांकाचा कमाईवर दुसऱ्या वाटेने परिणाम होत नाही, हे गृहीत धरावे लागते. भरती टाळण्यासाठी कोणी कॉलेजात राहिला असेल, तर ते गृहीतक डळमळते. आकडेवारीतून ते पूर्णपणे तपासता येत नाही.