निफ्टी रेघेवर का थबकतो?

शाहूवाडीच्या रस्त्यावर असे एसटी थांबे दिसतात जिथे पाटी नाही. लोक उभे राहतात म्हणून गाडी थांबते, गाडी थांबते म्हणून लोक उभे राहतात. फिबोनाचीच्या रेघाही बहुधा अशाच चालतात.

निफ्टी जानेवारी 2020 मध्ये 12,430 वर होता, 24 मार्चला 7,511 पर्यंत कोसळला. ही घसरण 4,919 अंकांची. तिच्यातले 38.2 टक्के भरून निघाले की निफ्टी 9,390 वर येतो. 20 एप्रिलला तो जेमतेम तिथे पोचला आणि दुसऱ्या दिवशी 9,000 च्या खाली बंद झाला.

जादू? एकाच आलेखावर तीच रेघ असंख्य जणांनी आखलेली असते. तळात घेतलेले तिथे नफा काढतात, नवे खरेदीदार हात आखडतात, आणि भाव थबकतो.

पण रेघ कुठून आखायची? जानेवारीच्या शिखराऐवजी फेब्रुवारीतला 12,250 चा उंचवटा धरला, तर तीच पातळी 9,320 वर येते. म्हणून सगळ्यांच्या नजरेत भरणारे शिखर आणि तळच घ्यावेत, तेही भाव वळण्याआधी ठरवून. भाव वळल्यावर सोयीचे टोक शोधले, तर कुठली ना कुठली रेघ जुळतेच. शिवाय 23.6, 38.2, 50, 61.8 अशा इतक्या रेघा असतात, की निव्वळ योगायोगानेही एखादी जवळ सापडते. त्यातली 50 ची तर फिबोनाचीच्या आकड्यांतून आलेलीच नाही!

आणि रेघ मोडतेही: 30 एप्रिलपर्यंत निफ्टी 9,390 ओलांडून 9,850 च्या पुढे गेला.