करमुक्त खात्यात काय ठेवावं?

नव्या करप्रणालीत कलम ८०सीची वजावट मिळत नाही, म्हणून अनेक पगारदारांनी पीपीएफ भरणं थांबवलं आणि ते पैसे मुदत ठेवीत वळवले. वजावट गेली हे खरं, पण पीपीएफचं व्याज नव्या प्रणालीतही पूर्ण करमुक्त आहे. वरच्या टप्प्यातल्या करदात्याचा मोठा फायदा त्या व्याजातच आहे.

मुदत ठेवीचं व्याज दरवर्षी उत्पन्नात धरलं जातं, मग ते हातात आलेलं असो वा ठेवीतच जमा झालेलं. बँकेने १० टक्के टीडीएस कापला की कर संपला असं अनेकांना वाटतं. उरलेला कर विवरणपत्र भरताना द्यावाच लागतो. ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून ३१.२ टक्के जातात. म्हणजे ७.१ टक्क्यांच्या ठेवीतून हाती ४.८८ टक्केच उरतात आणि चक्रवाढही तेवढ्यावरच होते.

इक्विटी फंडाचं तसं नाही. ‘ग्रोथ’ पर्याय घेतला, तर युनिट विकेपर्यंत कर लागत नाही. वर्षभरानंतर विकले, तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त असतो आणि त्यावरच्या नफ्याला १२.५ टक्के कर व उपकर लागतो. म्हणून हा फंड साध्या खात्यात राहिला तरी फारसं बिघडत नाही. करमुक्त जागेची गरज व्याजाला जास्त असते.

समजा, एक पगारदार महिला दरवर्षी ३ लाख गुंतवते, त्यातले निम्मे इक्विटी फंडात आणि निम्मे मुदत ठेवीत. दर ७.१ टक्केच राहिला, तर १५ वर्षांत ठेवीचे सुमारे ३३.६६ लाख होतील. तेच दीड लाख दर एप्रिलच्या ५ तारखेपर्यंत पीपीएफमध्ये भरले, तर ४०.६८ लाख होतील. जोखीम न वाढवता सात लाखांचा फरक पडतो.

एनपीएसमध्ये निवड आपल्या हाती असते. तिथे सगळं इक्विटीत आणि बाहेर मुदत ठेवी, अशी मांडणी असेल तर ती उलटी करून पाहावी. एनपीएसच्या आत इक्विटीतून रोख्यांकडे वळताना करही लागत नाही. मात्र तिथला पैसा निवृत्तीपर्यंत अडकतो आणि पुढे मिळणारं पेन्शन करपात्र असतं.

पीपीएफलाही मर्यादा आहेत. वर्षाला दीड लाखच भरता येतात, मुदत १५ वर्षांची असते आणि अंशतः रक्कम सातव्या आर्थिक वर्षापासूनच काढता येते. त्यामुळे अडीअडचणीचा पैसा, कर लागला तरी, बँकेतच ठेवावा. आणि ज्यांच्या उत्पन्नावर मुळात करच बसत नाही, त्यांनी या हिशेबापेक्षा व्याजदर आणि पैसे काढण्याची सोय पाहावी.