ताटं मोजणारा माणूस

पुतणीचं लग्न कोथरूडच्या एका कार्यालयात झालं. तिसऱ्या दिवशी केटररचं बिल आलं: बाकी १,७४,८९० रुपये. दादानं ते वाचून चष्मा काढून ठेवला. "चारशे माणसं सांगितली होती, चारशे बावन्न ताटं कुठून आली?" वहिनी म्हणाली, "माणसं नको मोजू, ताटं मोज." तिचं बरोबर होतं. बुफेत केटरर पाहुणे मोजत नाही, ताटं मोजतो.

ती मोजायची पद्धत साधी आहे. आमच्याकडे सकाळी ५०० ताटं मांडली होती. जेवणं उरकल्यावर ४८ कोरी उरली, म्हणजे ४५२ वापरली गेली. एखाद्यानं अर्धं ताट बाजूला ठेवून गोडासाठी नवं उचललं, की ते दुसरं ताट म्हणूनच धरलं जातं. म्हणून आकडा पाहुण्यांपेक्षा नेहमी थोडा जास्तच येतो. सुदैवानं आमचा भाचा सुरुवातीला आणि शेवटी मोजणीला उभा होता आणि कागदावर दोघांच्या सह्या होत्या. त्यामुळे ४५२ हा आकडा आम्हाला मान्यच करावा लागला. उलट त्या सह्या नसत्या, तर तो ४८० झाला असता तरी आम्हाला काही बोलता आलं नसतं.

करारात ४०० ताटांची हमी होती, दर ४८० रुपये. साडेतीनशेच लोक आले असते तरी ४०० चेच पैसे द्यावे लागले असते. हे ऐकायला जाचक वाटतं, पण किराणा आणि भाजी दोन दिवस आधी भरलेली असते, आचारी आणि वाढपी ठरलेले असतात. आकडा कमी करायचा तर तो खरेदीच्या आधी कळवायचा. आमच्या करारात मुदत चार दिवसांची होती. वाढीव ताटांचं कलम वेगळं होतं: हमीच्या वर दहा टक्क्यांपर्यंत तोच दर, त्यापुढे ६०० रुपये. म्हणजे ४४० ताटांचे २,११,२०० आणि वरच्या १२ ताटांचे ७,२००.

इथेच आम्ही अडलो. बँडवाले १४, फोटो-व्हिडिओवाले ५, गाड्यांचे ड्रायव्हर ६ आणि मांडववाले ३ अशी २८ माणसं जेवली होती. त्यांना जेवू घालायलाच हवं, त्यात वाद नाही. पण करारात त्यांच्याबद्दल अवाक्षर नव्हतं. शेवटी केटररनं ती २८ ताटं निम्म्या दरानं, २४० रुपयांनी धरली. त्यानं ते मान्य केलं कारण पुढच्या वर्षी धाकटीचं लग्न आहे. कागदावर आमची बाजू लंगडीच होती. ही ताटं वेगळी निघाल्यावर पाहुण्यांची ४२४ उरली, ती साध्या दरात बसली आणि महागडा दर आपोआप गळाला. जेवणाचे २,१८,४०० होते, ते २,१०,२४० झाले.

बाकीच्या ओळी सरळ होत्या. सकाळचा नाश्ता १५० जणांचा, १२० रुपयांनी १८,०००. विहिणींची ४० पानांची पंगत वेगळी बसवली, तिच्या केळीच्या पानांचे आणि वाढप्यांचे पानामागे ६० प्रमाणे २,४००. ओव्हरटाइमचे ३,००० पाहून दादा चिडला, पण ते योग्यच होते. जेवण तीनला बंद व्हायचं होतं आणि आपलीच पंगत सव्वाचारला उठली. सहा वाढपी त्यासाठी थांबले होते.

आता जीएसटी. बाहेरच्या केटरिंगवर तो साधारणपणे ५ टक्के लागतो. महागड्या हॉटेलांच्या आवारात १८ टक्के असू शकतो. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल तर ही ओळ असताच कामा नये. कंपोझिशन योजनेतल्या केटररलाही ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही. आमच्या बिलावर क्रमांक होता. २,३३,६४० वर ११,६८२ रुपये कर, एकूण २,४५,३२२.

आणि ॲडव्हान्स? बिलात तो ७९,००० होता. आम्ही दिले होते एक लाख. पहिले २१,००० तारीख ठरवताना रोख दिले होते, पावती घेतली नव्हती. वाचवलं ते वहिनीनं त्याच संध्याकाळी पाठवलेल्या मेसेजनं: "आज २१ हजार पोचले ना?" आणि खाली केटररचं "हो ताई". त्याच्या वहीत ती नोंद राहून गेली होती. त्यानं लगेच चूक कबूल केली.

शेवटी १,४५,३२२ रुपये ऑनलाइन दिले आणि बिलावर ‘पूर्ण रक्कम मिळाली’ असं लिहून सही घेतली. धाकटीच्या लग्नाच्या करारात बँडवाले आणि ड्रायव्हर यांच्या ताटांचा दर आधीच लिहून घ्यायचा, हे वहिनीनं तिथंच ठरवलं. ताटांपाशी उभा राहायला भाचा तयार आहे. फक्त यंदा त्याला वरातीत नाचायचंही आहे, तेव्हा दुसरा माणूस शोधायला हवा.