चकचकीत दागिन्याचे छायाचित्र पार्श्वभूमीपासून विलग करणे : परावर्तन जतन करण्याची पद्धत

पांढऱ्या कागदावर ठेवलेल्या चांदीच्या बांगडीचे छायाचित्र पार्श्वभूमीपासून विलग करताना प्रमुख अडचण परावर्तनाची असते. चकाकी दिलेला धातू आरशासारखा असल्याने भोवतालचा कागदच त्यात प्रतिबिंबित होतो. ० ते २५५ या श्रेणीत कागदाचे मूल्य २५० असेल, तर बांगडीवरील तेजस्वी पट्ट्याचे मूल्यही जवळपास तेवढेच भरते. फोटोशॉपमधील मॅजिक वाँड हे साधन रंगसाधर्म्यावरून निवड करते. त्याचा टॉलरन्स ३२ ठेवल्यास, पट्टा जेथे कडेला भिडतो तेथून निवड आत शिरते व कागदाबरोबर चकाकीही पुसली जाते.

म्हणून निवडीचा आधार रंग नसून आकार असावा. पेन टूलने बाह्य कडेच्या सुमारे १ पिक्सेल आतून वक्ररेषा आखावी. चकाकीमुळे कड दिसेनाशी होते तेथे दोन्ही बाजूंच्या वक्राला अनुसरून ती पूर्ण करावी. मधल्या पोकळीसाठी स्वतंत्र रेषा आखून तो भाग निवडीतून वजा करावा. कड ०.५ पिक्सेल मृदू करून पार्श्वभूमी मास्कने झाकावी. ती पुसून न टाकल्याने चूक नंतर दुरुस्त करता येते.

परिणाम गडद पार्श्वभूमीवर तपासावा. कडेला सलग पांढरी रेघ दिसल्यास वक्ररेषा बाहेर गेली आहे असे समजून ती आत घ्यावी. मात्र धातूतील कागदाची प्रतिबिंबे कायम राहतात आणि काळ्या पृष्ठावर विसंगत भासतात. हा दोष विलगीकरणाने दूर होत नाही. त्यासाठी छायाचित्र घेतानाच बांगडीच्या दोन्ही बाजूंस, चौकटीबाहेर, काळे पुठ्ठे उभे करावेत. त्यांचे प्रतिबिंब कडांवर गडद रेषा उमटवते.