रावेरचं केळं आणि चार वाजताची तलफ

चार वाजता चहासोबत गोड हवंच, तर रावेर-यावलचं केळं घ्या. पण साल बघून. कच्च्या केळ्यात मुख्यतः स्टार्च असतो, पिकताना त्याची साखर होते. सालीवर काळे ठिपके आले की बहुतेक स्टार्च संपलेला असतो. म्हणून देठाशी किंचित हिरवट असलेलं पिवळं केळं निवडावं. शंभर ग्रॅम पिकल्या गरात सुमारे 12 ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळपास तीन लहान चमचे! मधुमेह्यांनी अर्धंच खावं. सोबत मूठभर भाजलेले शेंगदाणे घ्या. त्यांतल्या स्निग्धांश-प्रथिनांमुळे जठर हळू रिकामं होतं, रक्तातली साखर सावकाश चढते. धुळ्याकडे दाण्यांसोबत गुळाचा खडा घेतात. चव झकास, पण गूळही बहुतांशी साखरच. खडा बोराएवढाच ठेवा.